फ्लॅटला फारच कमी ऑफर आली: नाही म्हणायचं, पण बोलणी तोडायची नाहीत

प्रश्न: पुण्यात कोथरूडला आमचा २ बीएचके विकायला काढला आहे. इमारत २००४ ची, तिसरा मजला, लिफ्ट आणि एक झाकलेलं पार्किंग. कारपेट ६५० चौरस फूट, करारात बिल्टअप ७८० लिहिलं आहे. १ कोटी १२ लाख मागतोय. एक जोडपं दोनदा येऊन गेलं, दुसऱ्या वेळी आईवडिलांना घेऊन आलं, आणि आता एजंटाकरवी ८५ लाखांचा निरोप आला आहे. बाबा इतके चिडलेत की म्हणतात उत्तरच देऊ नका. मला वाटतं त्यांना घर खरंच आवडलंय. ८५ ला तर देणार नाहीच, पण त्यांना घालवायचंही नाही. नेमकं काय कळवू?

उत्तर:

आईवडिलांना दाखवायला आणलेलं गिऱ्हाईक सहज फिरायला आलेलं नसतं. आकडा कितीही विचित्र असला तरी या एका गोष्टीसाठी त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. बाबांचा राग समजतो, पण गप्प बसण्याचा अर्थ समोरचा स्वतःला सोयीचा तोच लावतो. एक तर तो समजतो की तुम्ही विचारात पडलात, म्हणजे ८५ अगदीच चुकलेलं नाही. नाहीतर तो दुखावतो आणि पुढच्या गल्लीतला फ्लॅट बघायला जातो. उत्तर द्या, एक-दोन दिवसांत द्या, मात्र निरोप आला त्याच संध्याकाळी देऊ नका.

त्याआधी एक काम करा. ८५ हा आकडा कुठून आला ते शोधा. जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. इतकी कमी ऑफर बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने येते आणि प्रत्येक कारणाला उत्तर वेगळं असतं.

पहिलं कारण क्षेत्रफळाचं, आणि तुमच्या बाबतीत मला याचाच दाट संशय आहे. तुमच्या भागातल्या अशा वयाच्या इमारतीत कोणी त्यांना सांगितलं असेल की "तेरा हजारांचा भाव चालू आहे". त्यांनी तो तुमच्या कारपेटला लावला असेल. तेरा हजार गुणिले ६५० केलं की येतात ८४ लाख ५० हजार, म्हणजे तुमचे ८५. पण जुन्या इमारतींचे असे तोंडी भाव सहसा भिंती धरून मोजलेल्या बिल्टअपवर सांगितले जातात, कधी कधी तर जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरलेल्या सेलेबलवर. तेच तेरा हजार ७८० ला लावले की १ कोटी १ लाख ४० हजार होतात. म्हणजे ज्या ऑफरने बाबा चिडले, ती अपमान नसून चुकीच्या चौरस फुटांचा गुणाकार असू शकते. तसं असेल तर तुमच्यातलं खरं अंतर सत्तावीस लाखांचं नसून दहा-अकरा लाखांचं आहे, आणि एवढं अंतर बोलून भरून निघतं.

दुसरं कारण त्यांच्या खिशाचं. कर्ज तीस लाखांच्या वर आणि पंच्याहत्तर लाखांपर्यंत असेल तर बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देता येतात, त्याहून मोठं कर्ज असेल तर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो गिऱ्हाइकाने स्वतः आणायचा असतो. आता ८५ लाखांचा हिशोब बघा. ६८ लाख कर्ज, १७ लाख स्वतःचे, पुणे महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून ७ टक्क्यांनी साधारण ६ लाख मुद्रांक शुल्क, आणि वर ३० हजार नोंदणी फी. म्हणजे हातात सव्वातेवीस लाख हवेत. हेच घर १ कोटी ४ लाखांना घेतलं तर कर्ज ७८ लाखांपर्यंत मिळू शकतं, आणि स्वतःचे २६ लाख, शुल्काचे ७ लाख २८ हजार व नोंदणी फी मिळून साडेतेहेतीस लाख लागतात. किमतीतला फरक १९ लाखांचा दिसतो, पण त्यांना रोख उभी करायची रक्कम दहा-साडेदहा लाखांनीच वाढते. बाकीचा भार हप्त्यावर जातो, अर्थात पगार तेवढा हप्ता पेलणारा असेल तरच. अडचण जर या दहा लाखांची असेल तर किंमत उतरवण्याआधी मुदतीवर बोलता येतं. त्यांची एखादी ठेव मोडायची असेल, गावाकडची जागा विकायची असेल किंवा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे असतील, तर दोन-अडीच महिने जास्त दिल्याने तुमचं काही जात नाही.

तिसरं कारण म्हणजे नुसता खडा टाकून बघणं. काही लोक प्रत्येक घराला पंचवीस टक्के कमी सांगतात, कारण कधीतरी कोणीतरी अडलेला विक्रेता भेटतो. यात काही वैयक्तिक नसतं.

आणि एक चौथी शक्यता मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो. कधी कधी आकडा गिऱ्हाइकाचा नसतोच, एजंटाचा असतो. आमच्याकडे पुष्कळदा एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. एक टक्का धरला तर ८५ आणि १ कोटी ४ लाख यांत त्याला तुमच्या बाजूने मिळणाऱ्या दलालीत फरक पडतो एकोणीस हजारांचा. त्यापेक्षा व्यवहार या महिन्यात होतो की तीन महिन्यांनी, याने त्याला जास्त फरक पडतो. म्हणून एजंटाला सरळ विचारा, "हा आकडा त्यांनी स्वतः सांगितला, की तुम्ही अंदाज घेताय? आणि तो कसा काढला, काही बोलले का?" प्रश्न शांतपणे विचारा. उत्तर देताना तो चाचरला, तर बरंच कळतं.

आता तुमच्या बाजूची तयारी. किती आकड्याखाली जायचं नाही ते घरात बसून आधी ठरवा, आणि भावना बाजूला ठेवायच्या तर ते कागदावरून ठरवा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सीटीएस नंबर घातला की नोंदलेल्या व्यवहारांची सूची २ दिसते. त्यात मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख असते. तुमच्या इमारतीतले आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमधले अलीकडचे व्यवहार काढा. फक्त एक सांभाळा. एखादा आकडा फारच कमी दिसला तर तो नात्यातला व्यवहार असू शकतो, तळमजल्याचा असू शकतो, पार्किंग नसलेला असू शकतो किंवा काही रक्कम कागदावर आलेलीच नसू शकते. गिऱ्हाईक नेमका तोच कागद तुमच्यासमोर ठेवेल, तेव्हा त्याचं उत्तर तयार हवं.

त्याच बैठकीत रेडी रेकनरने, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराने, तुमच्या फ्लॅटचं मूल्य किती येतं ते काढून घ्या. हा दर बिल्टअपवर लागतो आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो, त्यामुळे अंदाज न करता दस्त करणाऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. हा आकडा का हवा? समजा तो ९६ लाख आला. मग ८५ ला व्यवहार केला तरी मुद्रांक शुल्क ९६ वरच भरावं लागतं. शिवाय रेडी रेकनरचं मूल्य व्यवहाराच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकर खातं तुम्हाला ९६ लाख मिळाले असं धरून भांडवली नफा काढतं. ८५ चे एकशे दहा टक्के होतात साडेत्र्याण्णव, आणि ९६ त्याच्या वर आहेत. गिऱ्हाइकाचीही सुटका नाही. मधले ११ लाख त्याच्या उत्पन्नात धरले जातात आणि त्यावर तो कर भरतो. म्हणजे ८५ ला घेतलेलं घर त्याला ८५ ला पडतच नाही. नकार देताना यापेक्षा सभ्य कारण मिळणार नाही, कारण यात त्याच्या ऐपतीबद्दल किंवा तुमच्या अपेक्षेबद्दल एक शब्द नाही. पण मूल्य खरंच तेवढं येत असेल तरच हे बोला. ७८ येत असेल तर हा विषय तुम्ही काढूच नका, नाहीतर तोच तुमच्यावर उलटेल.

समजा हे सगळं बघून तुम्ही घरात ठरवलं की १ कोटी २ लाखांखाली द्यायचं नाही. हा आकडा एजंटाला सांगू नका, शेजाऱ्यांनाही नाही. सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. "त्यांनी बाणेरला बुक केलंय, घाईत आहेत" एवढं एक वाक्य वॉचमनकडून गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं की तुमची पंचाईत झाली. घरातल्या एकानेच बोलायचं हेही ठरवून टाका. बाबांना फोनवर येऊ देऊ नका. त्यांचा राग खरा आहे, पण "आम्ही काय रस्त्यावर पडलोय का" हे वाक्य एकदा गेलं की माघारी घेता येत नाही.

आता निरोप. तोंडी सांगितलेला निरोप एजंटाकडून जाताना बदलतो. "८५ ला जमणार नाही" चं "थोडं वाढवा, देतील" होतं. म्हणून लिहून पाठवा आणि जसाच्या तसा पुढे धाडायला सांगा. मी असा लिहीन:

> नमस्कार. वेळ काढून दोनदा घर पाहिलंत, घरच्यांनाही घेऊन आलात आणि आकडा मोकळेपणाने सांगितलात, त्याबद्दल आभार. ८५ लाखांना आम्हाला घर देता येणार नाही. आम्ही किंमत करारातल्या ७८० चौ. फूट बिल्टअपवर आणि आजूबाजूला नोंदलेल्या व्यवहारांवरून ठरवली आहे, ते कागद दाखवायला तयार आहोत. तुमचा हिशोब कारपेटवर झाला असेल तर सांगा, दोन्ही हिशोब समोर ठेवून बघू. किंमत, पैशांची मुदत आणि ताबा या तिन्हींवर एकदा समोरासमोर बसून बोलता येईल. रविवारपर्यंत कळवा, त्याप्रमाणे वेळ ठेवतो. तोवर घर दाखवणं चालू राहील, हे आधीच सांगून ठेवतो.

यात नकार एकाच वाक्यात आहे आणि तो आकड्याला आहे. "तुमची ऑफर फारच कमी आहे" असं लिहिलेलं नाही, कारण त्यावर समोरचा स्वतःची बाजू मांडत बसतो आणि बोलणं भलतीकडे जातं. "देता येणार नाही" यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. बरेच विक्रेते इथे भिडेपोटी "बघू, घरी विचारून सांगतो" म्हणतात. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं हे खरं, पण गिऱ्हाईक त्यातून एवढंच उचलतो की ८५ वर घरात चर्चा चालू आहे. पुढच्या वेळी तो ८७ घेऊन येतो आणि आपण फार मोठी उडी मारली असं त्याला वाटतं.

कारपेटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. ते त्याला मागे फिरायला वाट देतं. माणूस "आम्ही कमी बोललो" असं कधी कबूल करणार नाही, पण "अच्छा, आम्ही कारपेट धरलं होतं" हे सहज म्हणेल. खरं कारण ते नसलं तरी म्हणेल.

घर दाखवणं चालू आहे, हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. "आमच्याकडे आणखी दोन पार्ट्या तयार आहेत" ही थाप मात्र मारू नका. ते त्याच एजंटाला विचारतील, आणि एजंट काहीतरी हसून बोलेल. मग तुम्ही पुढे जे खरं सांगाल त्यावरही विश्वास बसणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या निरोपात तुमचा नवा आकडा कुठेच नाही. बहुतेक जण नेमके इथेच घसरतात. वाटतं, नुसतं नाही म्हटलं तर उद्धट दिसेल, काहीतरी कमी करून सांगूया. पण आपल्याकडची घासाघीस कुठे संपते ते सगळ्यांना माहीत आहे: "तुमचं राहू दे, आमचं राहू दे, मध्यावर या." त्यामुळे प्रत्येक क्षणी दोन आकड्यांचा मध्य कुठे पडतो तेवढं बघत राहायचं. आत्ता १ कोटी १२ आणि ८५ यांचा मध्य साडेअठ्ठ्याण्णव आहे, तुमच्या मर्यादेच्या खाली. तुम्ही चांगुलपणाने लगेच १ कोटी ५ म्हणालात तर तो ९५ वर येतो, म्हणजे समोरच्याने काहीही न करता तुमचे साडेतीन लाख गेले. उलट त्यांना आधी वाढायला लावलं आणि ते ९४ वर आले, तर तुम्ही जागचे न हलता मध्य १ कोटी ३ लाखांवर जातो. ८५ सारख्या आकड्याला आकड्याने उत्तर न देण्याचं कारण एवढंच आहे.

"निदान एक कोटीच्या पुढे तरी बोला" असंही म्हणू नका. मोह होतो, आणि काही एजंट तसा सल्लाही देतात. पण त्या क्षणी एक कोटी हा तुमचा भाव होतो आणि बोलणं तिथून खाली सुरू होतं. तुमचे कागद काय सांगतात ते दाखवा, आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या.

इथून पुढे गाडी साधारण कशी जाते ते तुमच्याच आकड्यांवर सांगतो. शनिवारी निरोप येतो, क्षेत्रफळाचा घोळ झाला होता, आम्ही ९४ पर्यंत येऊ. आता तुम्ही हलायचं, कारण ते नऊ लाख हलले आहेत आणि तुम्ही ताठ राहिलात तर चर्चा नुसती नावाला उरते. पण किती हलायचं? मी १ कोटी १० म्हणेन. दोन लाख कमी केले, आणि का केले तेही सांगा: "स्वयंपाकघराचे ओटे जुने झालेत हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याचे दोन लाख धरले." कारण न देता सोडलेले पैसे पाहून समोरच्याला वाटतं, आत आणखी बरेच आहेत. ते ९८ म्हणतात, तुम्ही १ कोटी ८. प्रत्येक वेळी मध्य पाहा: आधी १ कोटी २, मग १ कोटी ३. मग ते म्हणतात, "जाऊ द्या, १ कोटी ३ करा, आत्ता विसार देतो." हा तुमच्या मर्यादेच्या वर आहे, पण लगेच हो म्हणू नका. तुमच्याकडे या वेळेसाठी राखून ठेवलेलं काहीतरी हवं, आणि ते पैशांत नसलेलं बरं. गॅलरीच्या जाळ्या, वॉर्डरोब, गिझर, ताबा पंधरा दिवस आधी, असं काहीही. "१ कोटी ५ करा, मॉड्युलर फर्निचर ठेवून जातो." शेवट १ कोटी ४ च्या आसपास होतो. दोन्ही घरांत त्या रात्री लोकांना वाटतं की आपण थोडं हरलो, आणि असे व्यवहार सहसा टिकतात.

मदतीला आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हाला फुकट देता येते. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. १ कोटी ४ लाखांवर ती १ लाख ४ हजार होते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. कर्जासाठी बँक नवऱ्याला सहकर्जदार करून घेते का, हे त्यांनी बँकेला विचारावं. "मध्यावर या" चालू असताना ही माहिती ऐकवली की समोरच्याला वाटतं, हा माणूस आपल्या बाजूनेही विचार करतोय. आणि खरंच करत असता.

ही बोलणी एका जागी मात्र तोडायचीच. बसल्यावर त्यांनी सुचवलं की "८५ चेकने, वरचे रोखीत", म्हणजे ८५ चा खरा अर्थ हा होता, तर हसून नाही म्हणा आणि तिथे घासाघीस करू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय बँक त्यांना ८५ वरच कर्ज देईल. "आम्हाला सगळी रक्कम खात्यातच लागेल, बाकी मुदतीचं तुम्ही सांगाल तसं" एवढं वाक्य पुरतं. याच वाक्यावर कित्येक जण मुकाट्याने पूर्ण चेकवर येतात.

रविवार उलटला आणि निरोप आलाच नाही, तर? दुसऱ्या दिवशी फोन करू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग एकदाच कळवा, पण हातात काहीतरी नवी माहिती घेऊन: सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मिळालं, शेअर सर्टिफिकेट नावावर होऊन आलं, शेजारच्या इमारतीतला व्यवहार अमुक भावाने नोंदला गेला. नवा कमी आकडा घेऊन जाल तर तुम्ही स्वतःशीच घासाघीस केलीत असं होईल. कॅलेंडरही बघा. पितृपक्षात तयार झालेलं गिऱ्हाईकसुद्धा विसार द्यायला थांबतं, आणि विक्रेत्याला वाटतं की सौदा गेला. त्या पंधरवड्यात कागद बघणं, वकिलाला दाखवणं चालू ठेवा. पैसे घटस्थापनेनंतर येतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाबांना न आवडणारी आहे. एका गिऱ्हाइकाने ८५ सांगणं हा त्याचा प्रश्न आहे. पण दीड-दोन महिन्यांत एकमेकांना न ओळखणारी चार-पाच गिऱ्हाइकं ९५-९६ च्याच आसपास थांबत असतील, तर १ कोटी १२ हा तुमचा प्रश्न आहे. मग कोणाला कसं उत्तर द्यायचं यापेक्षा किंमत बघायला हवी. इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, लिफ्ट किती वर्षांची, पुनर्विकासाची काही चर्चा आहे का, या प्रश्नांना तुमच्याकडून काय उत्तर जातंय तेही पाहा. कधी कधी किंमत बरोबर असते आणि एखाद्या कागदाच्या शंकेने लोक दहा लाख कमी बोलतात.

बोलणी जमली की तोंडी हो वर राहू नका. विसार पावती लिहूनच टोकन घ्या. तीत ठरलेली एकूण किंमत, साठेखताची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय, आणि फर्निचरमधलं नेमकं काय ठेवून जाणार हे सगळं यायला हवं. आणि एक ओळ तीत आवर्जून घाला, कारण शेवटच्या दिवशी यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असल्याने गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरणार आहे. १ कोटी ४ लाखांत तुमच्या खात्यात १ लाख ४ हजार कमी येतील. ती नवी घासाघीस नव्हे. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते. फक्त त्यांनी टीडीएस भरल्याचं प्रमाणपत्र द्यायचं आहे, हे पावतीत लिहून घ्या. तुम्ही किंवा घराचे सहमालक परदेशात राहत असाल तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच जास्त होते. तसं असेल तर विसार घेण्याआधीच सीएला गाठा.